पिनासायनॉलची पेटी नेमकी किती लांब?

प्रश्न: सर, मी बी.एस्सी. फायनलला आहे, दारव्ह्याकडच्या एका कॉलेजात. पिनासायनॉल आयोडाइड या रंगाच्या प्रॅक्टिकलमध्ये पेटीतल्या इलेक्ट्रॉनच्या सूत्रानं शोषणाची तरंगलांबी ४५३ नॅनोमीटर येते आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरचं मशीन ६०५ दाखवते. दोनदा केलं, पण उत्तर जुळूनच नाही राहिलं. मैत्रीण म्हणते मशीनच बिघडली आहे. गाजरातल्या कॅरोटीनला तेच सूत्र लावलं तर १२०० च्या वर जाते! नेमकं कुठं चुकून राहिलं?

उत्तर:

तुझं गणित बरोबर आहे, आणि बहुतेक मशीनही बरोबर आहे. मिथेनॉलमध्ये पिनासायनॉलचं शिखर ६०५ च्या आसपासच येतं. पुस्तकातली पेटी जिथे संपते असं आपण धरतो, तिथे या रेणूतली पेटी संपत नाही, एवढाच घोळ आहे. कॅरोटीनची भानगड निराळी आहे, ती शेवटी सांगतो.

मशीनवरचा संशय मात्र आधी मिटवून टाक, नाहीतर पुढच्या आकड्यांवर तुझा विश्वास बसायचा नाही. लॅबमध्ये पोटॅशियम परमँगनेट असतंच. त्याचं फिकट गुलाबी द्रावण कर आणि ५०० ते ५६० पर्यंत दर दोन नॅनोमीटरला रीडिंग घे. ५२५ आणि ५४५ च्या जवळ दोन शिखरं दिसली पाहिजेत. ती तिथे सापडली तर तबकडी बरोबर आहे. ती दोन्ही एकाच बाजूला पाच-सहा नॅनोमीटर सरकलेली असतील तर तेवढी दुरुस्ती तुझ्या ६०५ ला लाव. म्हणजे मशीनची चूक झाली तरी अशी पाच-दहाची होते, दीडशेची होत नाही. आपल्याकडे मध्येच लाइट जाते. ती परत आल्यावर पंधरा-वीस मिनिटं दिवा तापू दे, नुसत्या मिथेनॉलवर शून्य परत लाव, मगच रीडिंग घे. दिवा गार असताना शून्य हळूहळू सरकत राहतं आणि शिखराची एक बाजू उगाच चढलेली दिसते.

दुसरी गोष्ट द्रावणाची. बारा मिलिग्रॅम रंग ५० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये विरघळव, त्यातलं १ मिलिलिटर घेऊन १०० पर्यंत पातळ कर. लिटरमागे ५ मायक्रोमोल होतं. हा रंग इतका तीव्र शोषतो की एवढ्यातही अब्जॉर्बन्स १ च्या जवळपास जातो. मिथेनॉल विषारी आहे, पिपेट तोंडानं ओढू नकोस, रबरी फुगा वापर. आणि बाटली कपाटात ठेव. आमच्याकडे एका मे महिन्यात ती खिडकीच्या कट्ट्यावर राहून गेली होती. गडद निळं द्रावण काही दिवसांत फिकं पडलं आणि तीन बॅचची रीडिंग वाया गेली. सायनिन रंगांना ऊन सोसत नाही.

मिथेनॉल संपलं म्हणून काही जण पाणी घेतात. तिथे फसगत होते. पाण्यात या रंगाचे चपटे रेणू एकावर एक चिकटून जोड्या करतात आणि ५५० च्या आसपास दुसरा उंचवटा येतो. मिथेनॉलमध्येही ५६० च्या जवळ एक खांदा दिसतो, पण तो एकट्या रेणूचाच, त्याच्या कंपनांमुळे आलेला असतो. दोन्ही दिसायला सारखे. ओळखायचं कसं? द्रावण चौपट पातळ कर आणि दोन उंचींचं गुणोत्तर बघ. गुणोत्तर तेच राहिलं तर तो कंपनाचा खांदा. लहान उंचवटा मोठ्याच्या मानानं खाली बसला तर त्या जोड्या होत्या, पातळ केल्यावर सुटल्या. पेटीचं गणित एकट्या रेणूचं आहे, म्हणून त्यासाठी एकट्या रेणूचंच शिखर घ्यायचं.

आता गणिताकडे येऊ. वर्गात मी गुरांचं दावं नेतो. एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, दुसरं हातात घट्ट धरायचं आणि हलवायचं. हळू हलवलं तर एकच मोठा फुगा येतो. वेग वाढवत नेला की दावं जरा वेळ नुसतं वेडंवाकडं होतं आणि मग अचानक दोन फुगे स्थिर उभे राहतात, मधोमध एक जागा जवळजवळ हलत नाही. आणखी वेग दिला की तीन. अडीच फुगे कधी उभे राहत नाहीत, कारण दोन्ही टोकं बांधलेली आहेत आणि तिथे हालचाल शून्यच असायला हवी. इलेक्ट्रॉनची लहर पेटीत अशीच बसते. एक फुगा म्हणजे अर्धी तरंगलांबी, म्हणून L लांबीत n फुगे मावले तर तरंगलांबी 2L/n. इलेक्ट्रॉनचा संवेग h भागिले तरंगलांबी, म्हणजे nh/2L. संवेगाचा वर्ग भागिले 2m केलं की ऊर्जा मिळते:

```
E = n² h² / (8 m L²)
```

यात n शून्य का नाही, हे तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. शून्य फुगे म्हणजे दावं हललंच नाही, म्हणजे लहरच नाही, म्हणजे पेटीत इलेक्ट्रॉनच नाही. आणि पायऱ्या सारख्या अंतरावर नाहीत हेही ध्यानात ठेव. त्या १, ४, ९, १६, २५ अशा वाढतात, म्हणून वर जावं तशी दोन पायऱ्यांमधली दरी रुंद होते.

आता रेणू. कागदावर पिनासायनॉल काढ आणि एका नायट्रोजनपासून दुसऱ्या नायट्रोजनपर्यंत बोट फिरव. वाटेत पाच कार्बन लागतात: एका क्विनोलिन कड्याचा दोन नंबरचा कार्बन, मग मधले तीन CH, मग दुसऱ्या कड्याचा दोन नंबरचा कार्बन. प्रत्येक कार्बन एक पाय इलेक्ट्रॉन देतो, म्हणजे पाच. ज्या नायट्रोजनवर धन प्रभार दाखवला आहे तो एक देतो. दुसरा आपली मोकळी जोडी देतो, म्हणजे दोन. एकूण आठ. पोरं इथेच सर्वांत जास्त चुकतात. कुणी दोन्ही नायट्रोजनचे दोन-दोन धरून नऊ करतं, कुणी एक-एक धरून सात. विषम आकडा आला की लगेच थांबायचं. या रंगात शेवटचा इलेक्ट्रॉन एकटा राहत नाही.

एका पायरीवर दोनच इलेक्ट्रॉन मावतात, तेव्हा आठांनी खालच्या चार पायऱ्या भरल्या. प्रकाश पडला की चौथीवरचा एक इलेक्ट्रॉन पाचवीवर उडी मारतो. २५ वजा १६, म्हणजे ९. इलेक्ट्रॉन N असतील तर हा फरक नेहमी N+1 येतो. सगळे स्थिरांक घालून, लांबी नॅनोमीटरमध्ये ठेवली की सूत्र एवढंच उरतं:

```
λ (nm) = 3297 × L² / (N + 1)
```

राहिली L. खरी गोष्ट इथे आहे, म्हणून जरा थांबून बघ.

नायट्रोजनपासून नायट्रोजनपर्यंत सहा बंध आहेत. या साखळीत एकेरी-दुहेरीचा भेद जवळजवळ पुसला गेलेला असतो, म्हणून प्रत्येक बंध बेन्झीनमधल्यासारखा, ०.१३९ नॅनोमीटर धरतात. सहा बंध म्हणजे ०.८३४ नॅनोमीटर. ही L घातली तर तरंगलांबी २५५ येते, म्हणजे अतिनील. हे खरं असतं तर पिनासायनॉल पाण्यासारखा बिनरंगी दिसला असता! म्हणजे नायट्रोजनच्या केंद्रावर भिंत उभी करणं चूकच. इलेक्ट्रॉनचा ढग अणूच्या केंद्राशी कापल्यासारखा संपत नाही, थोडा पलीकडे जातो. हान्स कून यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी हे प्रतिरूप सायनिन रंगांना लावलं, तेव्हा दोन्ही बाजूंना एक-एक बंध जादा धरला. आठ बंध, १.११२ नॅनोमीटर. वर्ग १.२३७, गुणिले ३२९७, भागिले ९, की ४५३. हेच तुझं उत्तर.

आता उलट दिशेनं जा. तुझ्या मशीननं ६०५ दिलं आहे, तर त्यावरून विचार की पेटी किती लांब असायला हवी. ६०५ गुणिले ९ भागिले ३२९७ म्हणजे १.६५. त्याचं वर्गमूळ १.२८५ नॅनोमीटर. तू धरलेली पेटी १.११२ ची होती. फरक ०.१७ नॅनोमीटर, दोन्ही टोकं मिळून सव्वा बंधाएवढा. तरंगलांबी L च्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे लांबीतली पंधरा टक्क्यांची चूक उत्तरात तेहतीस टक्के होऊन दिसते. १५० नॅनोमीटरचा फरक बघून पोट धसकतं, पण मोजपट्टी लांबीवर लावली तर हे प्रतिरूप फार दूर नाही. मी तरी या प्रॅक्टिकलचं यश लांबीवरूनच ठरवतो.

हा जादा सव्वा बंध आला कुठून? तुझ्या साखळीच्या दोन्ही टोकांना क्विनोलिन आहे, म्हणजे नायट्रोजनवालं कडं आणि त्याला जोडून बेन्झीनचं कडं. त्या कड्यांचेही पाय इलेक्ट्रॉन साखळीशी जोडलेले आहेत. पेटीच्या टोकाला दगडी भिंत असावी असं आपण धरलं, प्रत्यक्षात तिथे दार अर्धवट उघडं आहे आणि लहर थोडी कड्यात शिरते.

हे नुसतं बोलणं नाही, तपासता येतं. कॉलेजात थायाकार्बोसायनिन आयोडाइड असेल तर तेही लाव. त्याची साखळी अगदी हीच आहे: पाच कार्बन, दोन नायट्रोजन, आठ इलेक्ट्रॉन. फक्त टोकांना क्विनोलिनऐवजी बेन्झोथायाझोल आहे. पेटीचं सूत्र दोघांत भेदच करू शकत नाही, दोघांनाही ४५३ च देतं. मोजलं तर तिथे सुमारे ५५७ येतं. साखळी तीच, इलेक्ट्रॉन तेवढेच, तरी जवळपास पन्नासचा फरक. बदलली ती फक्त टोकं. ५५७ वरून लांबी काढलीस तर १.२३ नॅनोमीटर येईल, क्विनोलिनवाल्यापेक्षा थोडी कमी.

म्हणून प्रॅक्टिकलमध्ये एक जादा आकडा घेतात, त्याला अल्फा म्हणतात. आठ बंधांच्या ऐवजी आठ अधिक अल्फा. पिनासायनॉलसाठी तो १.२५ च्या आसपास निघतो. पण एकाच रंगावरून अल्फा काढून त्याच रंगाचं उत्तर ‘जुळलं’ असं जर्नलमध्ये लिहू नकोस. तो आकडा जुळावा म्हणूनच तर काढला होता. खरी परीक्षा पुढच्या रंगावर होते. त्याच घरातला डायकार्बोसायनिन घे. साखळीत एक –CH=CH– जास्त, म्हणजे सात कार्बन, दहा इलेक्ट्रॉन, दहा बंध अधिक तोच अल्फा. लांबी १.५६३, उत्तर ७३२. मोजलेलं शिखर ७०७. पंचविसाची चूक, साडेतीन टक्क्यांच्या आसपास. हे मला चांगलं वाटतं, कारण इथे आपण काहीही जुळवून घेतलेलं नाही.

आता उलट्या बाजूला, साखळी आखूड कर. तीन कार्बनचा सायनिन, सहा इलेक्ट्रॉन. तोच अल्फा धरून ४७८ येतं, मोजलेलं ५२३. इथे चूक मोठी, आणि उलट दिशेची. लहान साखळीत टोकांचा वाटा मोठा असतो. सगळी पेटी जेमतेम एक नॅनोमीटरची, त्यात टोकाची अडाणी भरपाई जास्त बोचते. अल्फा हा निसर्गाचा स्थिरांक नाही. तिन्ही रंगांसाठी वेगवेगळा काढलास तर तो १.६, १.२५, १.०५ असा उतरत जाईल. तो उतरताना दिसला तर घाबरून रीडिंग बदलू नकोस, जसा आला तसा लिही.

एक गोष्ट मात्र पेटी फार नीट सांगते. साखळी एक-एक दुहेरी बंधानं वाढवली की शिखर दर वेळी शंभरच्या आसपास सरकतं: ५२३, ६०५, ७०७. कारण सूत्रातच आहे. लांबी इलेक्ट्रॉनांच्या संख्येबरोबर वाढते, वर्ग केला की N चा वर्ग, आणि खाली N+1 नं भाग जातो. राहतं जवळजवळ N. म्हणून तरंगलांबी सरळ रेषेत वाढते.

आता कॅरोटीन. त्यात अकरा दुहेरी बंध एकाआड एक आहेत, बावीस इलेक्ट्रॉन, मधले एकवीस बंध. लांबी २.९२ नॅनोमीटर. सूत्रानं १२२० येतं, अवरक्तात. प्रत्यक्षात ते ४५० च्या आसपास शोषतं, म्हणून गाजर केशरी दिसतं. पिनासायनॉलमध्ये सूत्र कमी पडलं होतं, इथे पावणेतीनपट जास्त झालं. टोकं लांबवून हे सुधारणार नाही, लांबवलं तर चूक आणखी वाढेल. म्हणजे दुखणं टोकात नाही, पेटीच्या तळात आहे.

कागदावर दोन्ही रेणू शेजारी काढ. पिनासायनॉलमध्ये धन प्रभार डावीकडच्या नायट्रोजनवर दाखवता येतो आणि उजवीकडच्याही. दोन्ही चित्रं सारख्याच तोलाची. एका चित्रात जो बंध दुहेरी तो दुसऱ्यात एकेरी. सरासरीत सगळे बंध सारखे होतात, आणि इलेक्ट्रॉनला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट जमीन मिळते. पेटीचं सूत्र हीच सपाट जमीन धरून चालतं. कॅरोटीनमध्ये असं दुसरं तोलाचं चित्र काढताच येत नाही. बंध उलटे केले तर टोकाला प्रभार किंवा एकटा इलेक्ट्रॉन उरतो. म्हणून तिथे दुहेरी बंध आखूड आणि एकेरी लांब असेच राहतात. जमीन नांगरलेल्या वावरासारखी, सरी-वरंबा, सरी-वरंबा. भरलेल्या शेवटच्या पायरीची लहर नेमकी दुहेरी बंधांवर दाट असते, म्हणजे सरीत, म्हणून ती खाली बसते. पहिल्या रिकाम्या पायरीची लहर एकेरी बंधांवर दाट, म्हणजे वरंब्यावर, म्हणून ती वर जाते. दोघींमधली दरी त्यामुळे रुंदावते आणि शोषण आखूड तरंगलांबीकडे सरकतं.

ही जादा दरी कून यांनी V₀(1 − 1/N) अशी मांडली. V₀ सुमारे २ इलेक्ट्रॉनव्होल्ट. करून पाहा. नुसत्या पेटीची दरी १२४० भागिले १२२०, म्हणजे १.०२ इलेक्ट्रॉनव्होल्ट. त्यात २ गुणिले २१/२२, म्हणजे १.९१ मिळव. बेरीज २.९३. परत १२४० ला त्यानं भागलं की ४२३ येतं, ४५० च्या शेजारी. या बेरजेत पेटीचा वाटा एक तृतीयांश आणि सरी-वरंब्याचा दोन तृतीयांश आहे. पिनासायनॉलला हे V₀ लावू नकोस. तिथे ते जवळपास शून्य आहे, आणि लावलंस तर दरी वाढून उत्तर ४५३ च्याही खाली, आणखी दूर जाईल.

जर्नलमध्ये तक्ता करशील तेव्हा प्रत्येक रंगासमोर तरंगलांबीच्या दोन आकड्यांशेजारी पेटीची लांबीही लिही: बंध मोजून आलेली आणि शिखरावरून उलटी काढलेली. पिनासायनॉलसमोर १.११ आणि १.२९ असं येईल. परीक्षकांनी बोट ठेवून विचारलं तर त्या ०.१७ नॅनोमीटरची जागा क्विनोलिनच्या कड्यावर पेन्सिलनं दाखव.